जळालेली खिडकी

घरविक्रीच्या जाहिराती चाळताना हे हमखास दिसतं. हॉल छान उजळलेला, सोफा, पंखा, फरशी सगळं स्वच्छ; आणि खिडकीच्या जागी पांढराफटक चौकोन. बाहेर डोंगर आहे, खाडी आहे की समोरच्या इमारतीची ओली भिंत, कळायला मार्ग नाही. फोटोग्राफर म्हणतात, खिडकी जळाली. त्याच हॉलमध्ये उभं राहिलं तर मात्र आपल्याला सोफाही दिसतो आणि बाहेरचं झाडही, कारण नजर जिथे जाईल तिथल्या उजेडाशी डोळा जुळवून घेतो आणि मेंदू सगळं मिळून एक चित्र करतो. कॅमेऱ्याला एका फोटोसाठी एकच मोजमाप धरावं लागतं.

तफावत किती असते? समजा, ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावरचा टू-बीएचके आहे. भर दुपार, हॉलला मोठी सरकती खिडकी, तिच्याबाहेर ग्रिल, पलीकडे गुलमोहर आणि समोरची इमारत. कॅमेरा तिकाटण्यावर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८. खोली नीट उजळ यायला शटर साधारण अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागतं. बाहेरच्या उन्हाला त्याच मांडणीत सेकंदाचा चारशेवा भाग पुरतो. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा दोनशे पट उजेड. अर्ध्या सेकंदात गुलमोहराच्या जागेवर इतका प्रकाश ओतला जातो की तिथले सगळे बिंदू काठोकाठ भरून निव्वळ पांढरे होतात. मग संगणकावर तो भाग कितीही गडद करा, पांढऱ्याचा राखाडी होईल. झाड परत येणार नाही, कारण ते नोंदलंच गेलेलं नाही.

मग सरळ उपाय सुचतो: कॅमेरा न हलवता दोन फोटो घ्यायचे, एक खोलीसाठी, एक बाहेरसाठी, आणि दुसऱ्यातली खिडकी कापून पहिल्यात बसवायची. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात बाहेरसाठी घेतलेल्या फोटोत आतलं सगळं काळंकुट्ट येतं, खिडकीची चौकट आणि पडदासुद्धा. खोलीच्या फोटोत उलट गोष्ट: बाहेरचा झगमगाट कडांवरून आत सांडतो आणि ग्रिलचे बारीक गज जवळजवळ खाऊन टाकतो. दोन्हीच्या सीमेवर कात्री चालवली की पडद्याच्या झालरीभोवती काळी किंवा पांढरी रेघ राहते. आपल्याकडच्या ग्रिलचा एकेक गज कापत बसायचं म्हटलं, तर एका खिडकीत संध्याकाळ होईल.

ज्यांना हे रोजचं काम आहे ते कापत नाहीत. ते बाहेरच्या फोटोच्या वेळी फ्लॅश वापरतात, आणि सगळी गंमत इथे आहे. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. शटर अर्धा सेकंद उघडं असो की दोनशेवा भाग, फ्लॅशचा प्रकाश तेवढाच मिळतो. ऊन मात्र शटर उघडं असेल तितका वेळ येत राहतं. म्हणजे शटरने उन्हाचा नळ हवा तेवढा बंद करता येतो आणि फ्लॅशला धक्का लागत नाही. आपल्या उदाहरणात दुसऱ्या फोटोला शटर १/२०० ठेवायचं. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत याच्या फार पुढे जाता येत नाही. त्याहून वेगवान शटर पूर्ण उघडायच्या आत बंद व्हायला लागतं आणि फोटोत काळा पट्टा येतो. १/२०० ला बाहेरचं दृश्य गरजेपेक्षा दुप्पट उजळ येतं. ते तसंच असू द्यावं. अगदी बिनचूक उजेडातलं बाहेर खिडकीत बसवलं, तर भिंतीवर कॅलेंडर टांगल्यासारखं दिसतं.

फ्लॅश कॅमेऱ्यावर नको. तो हातात धरून बाजूने खिडकीच्या चौकटीवर, पडद्यावर, शेजारच्या भिंतीवर मारायचा, इतका जोरात की हे सगळं पहिल्या फोटोतल्यापेक्षा जास्त उजळ यावं. पलीकडच्या झाडापर्यंत तो प्रकाश पोचतच नाही. आता दिसायला हा दुसरा फोटो भयाण असतो: चौकट भगभगीत, खोलीचे कोपरे काळे, पण बाहेरचा गुलमोहर व्यवस्थित.

फोटोशॉपमध्ये हा फोटो खोलीच्या फोटोवर थर म्हणून ठेवतात आणि थराची पद्धत Darken निवडतात. ती प्रत्येक बिंदूपाशी दोन्ही थर ताडून पाहते आणि जो गडद तो ठेवते. काचेच्या जागी खालचा थर पांढरा, वरचा गडद. म्हणून गुलमोहर येतो. चौकटीवर फ्लॅशमुळे वरचा थर उजळ. म्हणून खालची नैसर्गिक चौकट राहते. खालच्या थरात झगमगाटाने खाल्लेले ग्रिलचे गजही वरच्या थरातून बऱ्याच अंशी परत येतात. मग खिडकीभोवती ढोबळ चौकोन आखून बाकीचा थर झाकायचा. कडा कोरायची गरज उरत नाही.

फसतं कुठे, तेही ठरलेलं आहे. काच बंद असली की फ्लॅशचा ठिपका तिच्यात चमकतो. म्हणून बाजू बदलावी किंवा काच सरकवून ठेवावी. मच्छरदाणीची जाळी तर आधी बाजूला करावी, नाहीतर ती फ्लॅशने उजळते आणि बाहेर धुकं पसरतं. फ्लॅशमुळे पडद्याची सावली मागच्या भिंतीवर पडली, तर Darken तिलाही गडद म्हणून इमानाने उचलतं आणि पडद्याशेजारी मळकट पट्टा उमटतो. शिवाय खिडकी दुरुस्त झाली, तरी तिचं प्रतिबिंब शिल्लक असतं. टीव्हीच्या काळ्या पडद्यात किंवा काचेच्या डायनिंग टेबलावर जुना पांढरा चौकोन तसाच दिसतो. हे विसरणारे पुष्कळ.

आणि बाहेरचा फोटो घेतलाच नसेल तर? मग काही जण दुसरीकडचंच दृश्य डकवतात. ते ओळखायची एक खात्रीची खूण आहे. फोटोतल्या फरशीच्या आत जाणाऱ्या रेषा आणि छताच्या कडा मनातल्या मनात पुढे वाढवा. कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर त्या कॅमेऱ्याच्या उंचीवर एकत्र येतात, आणि समुद्राचं क्षितिज नेमकं त्याच पातळीवर दिसायला हवं, घर चौथ्या मजल्यावर असो की चाळिसाव्या. डकवलेला समुद्र बहुधा एक वीतभर वर किंवा खाली असतो. दुसरी खूण म्हणजे मापाची. खिडकीतून बाहेरचा छोटा तुकडा दिसतो. एका तावदानात अख्खी दरी मावली असेल, तर ती तिथली नाही.

मला विचाराल तर रेषा इथेच ओढावी. त्याच खिडकीतून त्याच वेळी दिसणारं बाहेर परत आणणं ही दुरुस्ती. समोरच्या इमारतीच्या जागी खाडी ठेवणं ही बनवाबनवी. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ विकासकाच्या जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाईचा हक्क देतं. तुमचा-आमचा जुना फ्लॅट विकताना विकासक मध्ये नसतो, तिथे खरेदीदाराने खिडकीशी जाऊन उभं राहणंच बरं.

हा सारा खटाटोप टाळायचाही एक मार्ग आहे. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात आकाशाचा उजेड उतरत उतरत खोलीतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. तेव्हा एकाच फोटोत आत-बाहेर दोन्ही मावतं, फ्लॅश नको की थर नको. पण ही बरोबरी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकते, तेवढ्यात हॉल आणि फार तर एक बेडरूम होते. बाकीच्या खोल्यांसाठी दुपारीच तिकाटणं लावावं लागतं.