सळई उभी, वेळ चुकलेली

डिसेंबरच्या सुट्टीत बरकतपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर मी भाचीला सूर्यघड्याळ करून दिलं. फळीवर एक सळई अगदी उभी बसवली आणि मोबाइलमधली वेळ बघत दर तासाला तिच्या सावलीवर रेषा आखली. शेवटची रेषा संध्याकाळी पाचची. आठवडाभर वेळ बरोबर दाखवल्यावर मी खूश!

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भाची पुन्हा आली. दुपारी तीन वाजता गच्चीवरून तिची हाक आली, "मामा, तुझ्या घड्याळात तर पाच वाजून गेले!" खरंच, सावली पाचच्या रेषेच्याही पलीकडे पडली होती. डिसेंबरात तीनची सावली उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ४६ अंशांवर होती, आता ती जवळजवळ ८८ अंशांवर, म्हणजे थेट पूर्वेला पोचली होती. फळी हलली नव्हती. चूक सळईच्या उभेपणात होती.

त्याचं कारण समजायला एक दार डोळ्यांसमोर आणा. सळई म्हणजे त्याची बिजागरी आणि सूर्य म्हणजे दारावर चिकटवलेली टिकली. बिजागरी पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल, तर हे दार तासाला बरोबर १५ अंश फिरतं. ऋतूंप्रमाणे सूर्य उत्तरेकडे-दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा टिकली दारावरच वर-खाली होते. दाराचा कोन बदलत नाही, म्हणून सावलीची दिशाही बदलत नाही. सळई उभी असेल तर मात्र सूर्य सरकला की दारच फिरतं, आणि त्याच वेळेची सावली दुसरीकडे जाते.

अक्षाला समांतर ठेवायचं म्हणजे सळईचं टोक उत्तरेकडे, जमिनीपासून त्या गावाच्या अक्षांशाइतकं वर उचलायचं. हैदराबादचा अक्षांश सुमारे १७.४ अंश. मी पातळ पत्र्याचा काटकोन त्रिकोण कापला: पाया ३० सेंमी, उत्तरेकडची उंची ९.४ सेंमी. त्याची तिरपी धार हीच आता सळई. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची भिंत याच नियमाने सुमारे २७ अंश तिरपी आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे.

दार समान गतीने फिरतं, पण फळी त्याला तिरपी छेदते. त्यामुळे फळीवरच्या रेषा समान अंतरावर येत नाहीत. त्यांचं सूत्र असं:

```
tan θ = sin φ × tan h
```

इथे φ म्हणजे अक्षांश, h म्हणजे मध्यान्हापासूनचे तास गुणिले १५ अंश, आणि θ म्हणजे उत्तर रेषेपासून सावलीचा कोन. तीन वाजता h ४५ अंश. त्याचा tan १, आणि sin १७.४° म्हणजे ०.२९९. म्हणून θ आला १६.६ अंश, डिसेंबरातही आणि एप्रिलमध्येही. याच रीतीने एकची रेषा ४.६ अंशांवर येते, पाचची ४८.१ वर आणि सहाची ९० वर. सकाळच्या रेषा पश्चिमेकडे तशाच.

बारा आणि एकमध्ये फक्त ४.६ अंश आहेत, हे लक्षात घ्या. उत्तर दिशा चुकली तर वेळही चुकते. मोबाइलचं होकायंत्र टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ भलतंच दाखवत होतं, म्हणून मी शंकूची जुनी रीत वापरली. उभ्या सळईभोवती वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं आणि दुपारी बाहेर पडतं, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काटकोनात उत्तर. फळी पाणसळीने समतल करायला विसरू नका.

एवढं करूनही हे घड्याळ मोबाइलशी जुळणार नाही, कारण ते आपल्या गच्चीवरच्या सूर्याची वेळ दाखवतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे. हैदराबाद त्याच्या चार अंश पश्चिमेला, म्हणून इथे सूर्याचे बारा सरासरी सोळा मिनिटं उशिरा वाजतात. त्यातच पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला अक्ष यांमुळे फेब्रुवारीच्या मध्यात ते साडेबाराला वाजतात, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला जवळजवळ बरोबर बाराला. घड्याळ दिवसभर सारख्याच मिनिटांनी मागे-पुढे असेल, तर कारण हे. दुपारी बरोबर, पण सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे चुकत असेल, तर धारेचा कोन किंवा रेषा तपासा.

९ मेच्या सुमारास हैदराबादेत सूर्य दुपारी बाराच्या जरा नंतर थेट डोक्यावर येतो. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून आम्ही वाट पाहिली. बारा वाजून बारा मिनिटांनी उभ्या सळईची सावली नाहीशी झाली, तिला सांगायला वेळच उरली नाही. तिरप्या धारेची सावली मात्र बाराच्या रेषेवर होती.