चारशे भोकांचं छप्पर

शिमगा सरला की कोकणातल्या कौलारू घरांवर माणसं चढलेली दिसायची. कौलं हाताखालून घालायची, फुटकी बाजूला काढायची, रिपांमध्ये साचलेला पातेरा झाडायचा, वाळवी लागलेली रीप बदलायची आणि कौलं पुन्हा ओळीनं बसवायची. ही शाकारणी. मृग लागतो ७-८ जूनला, आणि आगोटीच्या कामांत हे काम टाळता येण्यासारखं नव्हतं. टाळलं तर पहिल्याच जोराच्या सरीला माजघरात टोपं मांडायची वेळ यायची.

आता गावोगाव कौलं उतरली आणि रंगीत पत्रा चढला. माकडं कौलं फोडतात, शाकारणीला गडी मिळत नाही, ही कारणं खरीच आहेत. पण कौलांबरोबर छपरावर चढायची सवयही गेली. पत्रा घातला म्हणजे पंधरा-वीस वर्षांची निश्चिंती, असं बहुतेक जण धरून चालतात. मग सात-आठ पावसाळे गेल्यावर छतावर तांबूस डाग उमटतो, पुढच्या वर्षी तिथून थेंब पडायला लागतो आणि दोष पत्र्याच्या माथी जातो. पत्रा मात्र बहुधा धडधाकट असतो. गळतं ते पत्र्याला पाडलेलं भोक.

मध्यम आकाराचं एक घर डोळ्यांसमोर आणू. आढं दहा मीटर लांब, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरची उतरती पाखं. पत्र्याखाली प्रत्येक पाख्याला लोखंडी पट्ट्यांच्या पाच आडव्या ओळी. फॅब्रिकेटर त्यांना पर्लिन म्हणतात. एका पाख्यावर एक-एक मीटरचे दहा पत्रे, आणि प्रत्येक पत्र्याला प्रत्येक पर्लिनवर चार स्क्रू. म्हणजे एका पाख्याला दोनशे आणि दोन्ही मिळून चारशे. हे घर चारशे भोकांखाली नांदतं, आणि प्रत्येक भोक बंद ठेवण्याची जबाबदारी स्क्रूच्या डोक्याखालच्या एका छोट्या काळ्या रबरी वायसरवर असते.

या वायसरचं आयुष्य कसं जातं ते पाहण्यासारखं आहे. मे महिन्याच्या दुपारी पत्रा साठ अंशांच्या वर तापतो आणि वळवाची सर आली की काही मिनिटांत पंचवीस-तीसवर उतरतो. लोखंड तापलं की वाढतं. पाच मीटरचा पत्रा एवढ्या फरकानं दोन ते अडीच मिलिमीटर लांब-आखूड होतो. स्क्रू मात्र पर्लिनमध्ये घट्ट रुतलेला असतो. त्यामुळे दर दिवशी पत्रा स्क्रूभोवती किंचित पुढे-मागे सरकतो आणि भोक हळूहळू लांबट होत जातं. वर ऊन रबराला कडक करतं. काही वर्षांनी वायसरला बारीक भेगा पडतात आणि त्यातून पाणी स्क्रूच्या दांड्याशी पोचतं. तिथे पत्र्याची कापलेली कड उघडी असते, तिच्यावर ना रंग ना जस्त. गंजाची सुरुवात तिथून होते.

म्हणून पत्र्याच्या घरालाही शाकारणी लागते. तिला योग्य वेळ एप्रिलची, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्याची. वळवाची एखादी सर मिळाली तर केलेलं काम तपासायलाही सवड राहते.

सुरुवात पन्हळीपासून करावी. आंबा, फणस, पिंपळ यांचा पातेरा पन्हळीत पडतो, त्यावर धूळ बसते, आणि मेअखेर तिथे कुंडीत शोभेल अशी माती तयार झालेली असते. हा पातेरा केवढं पाणी अडवतो हे साध्या हिशेबानं कळतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या घराचं एक पाखं पन्नास चौरस मीटरचं आहे. तासाला पन्नास मिलिमीटरची सर, जी कोकणात नवलाची नाही, पन्हळीत तासाला अडीच हजार लिटर पाणी ओतते. मिनिटाला चाळीस लिटरहून जास्त, म्हणजे दर मिनिटाला दोन मोठ्या बादल्या. उतरत्या नळाच्या तोंडाशी पातेऱ्याचा बोळा बसला असेल, तर हे पाणी पन्हळीच्या मागच्या कडेवरून आत भिंतीवर येतं. भिंतीचा वरचा भाग ओला दिसला की घरातले स्क्रूला दोष देतात, आणि कारण असतं मूठभर पानं.

पातेरा काढताना तो नळात ढकलू नये, हातानं किंवा लहान फावडीनं बादलीत भरावा. मग वरच्या टोकाला बादलीभर पाणी सोडून पाहावं. पन्हळीला दर मीटरला पाच मिलिमीटर, म्हणजे दहा मीटरला पाच सेंटिमीटर उतार पुरतो. कुठे पाणी थबकलं तर तिथला आधार वाकला आहे. आणखी एक गोष्ट घर बांधतानाच बघायची, पण दुरुस्तीतही साधता येते: पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली असावी. मग तुंबलं तरी पाणी अंगणात पडतं, घरात येत नाही.

छपरावर पाय ठेवण्याआधी एकदा आतून बघावं. भर उन्हाच्या वेळी दारं-खिडक्या बंद करून माळ्यावर अंधार केला की उघडी भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. पर्लिनवरचे गंजाचे ओघळही तेव्हाच दिसतात. इथे एक फसगत ठरलेली आहे. थेंब जिथे पडतो तिथे भोक असेलच असं नाही. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगानं उतारावर घरंगळतं, पर्लिन आडवी आली की तिथे थबकून ठिबकतं. म्हणून खूण शोधायची ती थेंबाच्या वरच्या बाजूला, आढ्याच्या दिशेनं. तरी सापडत नसेल तर एकानं आत बसावं आणि दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी सोडावं. सुरुवात खालच्या ओळीपासून, आणि एकेका ओळीवर पाच-दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच ओळींवरून वाहतं आणि काहीच उमगत नाही. थंडीच्या पहाटे पाऊस नसताना पत्रा आतून सगळीकडे सारखाच घामेजला असेल, तर ती गळती नव्हे; ते हवेतलं बाष्प आहे, त्याला वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

वर चढायचं ते सकाळी लवकर, दव सुकल्यावर आणि पत्रा तापायच्या आत. रबरी तळव्याची पादत्राणं आणि कमरेला दोर. पाऊल स्क्रूच्या ओळीवरच टाकावं, कारण खाली पर्लिन तिथेच असते. उजेडासाठी घातलेल्या पारदर्शक पत्र्यावर कधीही पाय देऊ नये; उन्हानं तो ठिसूळ होतो आणि वजन पडताच फुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचंही तसंच, आणि त्यांत ॲस्बेस्टॉस असल्यानं त्यांना घासणं किंवा भोकं पाडणंही टाळावं.

आता स्क्रू. चारशेच्या चारशे दरवर्षी बदलायचे नाहीत, पण नजर प्रत्येकावरून फिरवायची. वायसर डोक्याखालून जेमतेम बाहेर डोकावत असेल आणि बोटानं फिरत नसेल, तर स्क्रू ठीक आहे. वायसर फिरतो, म्हणजे स्क्रू सैल झालाय. पसरून चिरला असेल आणि भोवती पत्र्याला खळगा पडला असेल, तर मुळातच तो जास्त आवळला गेलाय, आणि त्या खळग्यात पाणी साचत राहणार. डोक्याभोवती तांबडं वलय दिसलं तर तो स्क्रू काढूनच बघावा.

काढलेल्या स्क्रूच्या जागी तोच परत लावू नये. जुना ५.५ मिलिमीटरचा असेल तर नवा ६.३ मिलिमीटरचा घ्यावा, नव्या ईपीडीएम रबराच्या वायसरसकट. झिजलेल्या भोकात जाड स्क्रू नव्यानं पकड धरतो. ड्रिलचा क्लच कमी जोरावर ठेवावा आणि वायसर किंचित फुगला की थांबावं. जाड स्क्रूही नुसताच फिरत राहिला तर खालची पर्लिनच गंजली आहे. मग स्क्रू थोडा बाजूला, शाबूत लोखंडात लावायचा आणि जुनं भोक रिव्हेट व सीलंटनं बुजवायचं. स्क्रू काढताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडूनं काढावा. पहिल्याच पावसात तो गंजतो आणि रंगावर डाग पाडतो.

कोकणात हमखास दिसणारी चूक म्हणजे गळक्या स्क्रूवर डांबराचा किंवा सिमेंटचा गोळा थापणं. एक पावसाळा तो तग धरतो. पण पत्रा रोज सरकतो, गोळा सरकत नाही. कडेला भेग पडते आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. गंज झाकणाखाली निवांत वाढतो आणि दोन वर्षांनी गोळा उपटला की हातात पत्र्याचा तुकडा येतो. सीलंटची खरी जागा आढ्यावरच्या टोपीचे सांधे आणि छपरातून बाहेर येणाऱ्या नळांभोवतीची फट. तिथेही सिलिकॉन न्यूट्रल जातीचंच हवं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं.

वेळ थोडा असेल तर आधी कडेचे स्क्रू हाती घ्यावेत: वळचणीची ओळ, आढ्यालगतची ओळ आणि दोन्ही टोकांचे पत्रे. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो, आणि ही ओढ कडांना सर्वांत जास्त असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि असंख्य घरांचे पत्रे उडाले. कडेचा एक स्क्रू सुटला की त्याचा भार शेजारच्यावर येतो, आणि मग ओळच्या ओळ उसवत जाते.

समुद्राजवळच्या घरांना आणखी एक काम असतं. उघड्या पत्र्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पण वळचणीखाली आणि सौर पॅनेलखाली तो पोचत नाही. म्हणून गंज तिथे आधी धरतो. वर्षातून दोनदा, शाकारणीच्या वेळी आणि दिवाळीच्या सुमारास, तो भाग गोड्या पाण्यानं धुवावा.

इतकं करूनही पहिल्या मोठ्या पावसात एखादा थेंब येतोच. तेव्हा ओल्या छपरावर चढू नये. बॅटरी आणि खडू घेऊन माळ्यावर जावं आणि पाणी ज्या पर्लिनवरून येतंय तिथे फुली मारून तारीख लिहावी. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी, त्या फुलीच्या वरचा स्क्रू सर्वांत आधी काढायचा.