अपनयन आणि अपहरण : पर्यायांमधली घटकांची अदलाबदल

वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात 'अपहरण' हा एकच शब्द चालतो. फौजदारी कायद्यात मात्र अपनयन (म्हणजे किडनॅपिंग) आणि अपहरण (म्हणजे अ‍ॅबडक्शन) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी त्यांच्या व्याख्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५९ ते ३६२ मध्ये होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अपनयन कलम १३७ मध्ये आणि अपहरण कलम १३८ मध्ये आले आहे. न्यायाधीशपदाच्या, पोलीस भरतीच्या आणि विधी प्रवेशाच्या परीक्षांत या जोडीवर बहुपर्यायी प्रश्न हमखास येतात. त्यातले चुकीचे पर्याय बहुधा एकाच पद्धतीने तयार होतात: एका गुन्ह्याचा आवश्यक घटक उचलून दुसऱ्याच्या नावाखाली ठेवला जातो.

अपनयनाचे दोन प्रकार आहेत. नेहमीचा प्रकार कायदेशीर पालकत्वातून अपनयनाचा. बालकाला किंवा मनोविकल व्यक्तीला पालकाच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून नेले किंवा फूस लावून नेले, की हा गुन्हा पूर्ण होतो. नव्या संहितेत बालक म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही. जुन्या कायद्यात मुलासाठी वयाची मर्यादा सोळा आणि मुलीसाठी अठरा होती. पालक या शब्दात आई-वडीलच येतात असे नाही. ज्याच्यावर मुलाच्या देखभालीची किंवा ताब्याची जबाबदारी कायदेशीरपणे सोपवलेली आहे, तोही या कलमापुरता पालक ठरतो. या व्याख्येत बळजबरीचा उल्लेख नाही, फसवणुकीचा नाही आणि मुलाच्या स्वतःच्या संमतीचाही नाही. कायद्याला इथे पालकाचा ताबा राखायचा आहे, म्हणून मूल हसतखेळत गेले तरी गुन्ह्यात फरक पडत नाही.

अपहरणाची रचना निराळी आहे. एखाद्या व्यक्तीला बळाने भाग पाडून किंवा फसवणुकीने प्रवृत्त करून कोणत्याही ठिकाणाहून जायला लावणे म्हणजे अपहरण. इथे वयाची अट नाही आणि पालकाचा संबंध नाही. ज्याला नेले त्याच्या इच्छेवर घाला घातला गेला का, एवढेच पाहायचे. त्याने फसवणूक न होता, मोकळ्या मनाने होकार दिला असेल तर अपहरण होत नाही.

आणखी एक फरक शिक्षेचा आहे. पालकत्वातून अपनयन हा स्वतःच शिक्षापात्र गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, मग हेतू कोणताही असो. अपहरणाच्या कलमात मात्र फक्त व्याख्या आहे, शिक्षा नाही. खून करण्यासाठी, खंडणीसाठी किंवा गुप्तपणे डांबून ठेवण्यासाठी अपहरण केले, तर त्या हेतूप्रमाणे कलम १४० मधली शिक्षा लागते. स्त्रीला विवाहाची सक्ती करण्यासाठी तिला नेले असेल तर कलम ८७ लागू होते.

आता एक काल्पनिक प्रश्न घेऊ. सतरा वर्षांची मुलगी शिक्षणासाठी मावशीकडे राहते आणि आई-वडिलांनी तिची जबाबदारी मावशीवर सोपवली आहे. ओळखीचा एक तरुण तिला पुण्यातल्या नाटक कंपनीत काम मिळवून देण्याचे सांगतो. काम खरोखरच आहे. मुलगी आधी तयार नसते, पण तो आठवडाभर गळ घालतो आणि शेवटी मावशीला न सांगता तिला पुण्याला नेतो. पर्याय असे आहेत:

(अ) गुन्हा नाही, कारण मुलगी स्वखुशीने गेली.
(ब) अपनयन नाही, कारण बळ किंवा फसवणूक झाली नाही.
(क) अपनयन, कारण मुलीला फसवून नेले.
(ड) अपनयन, कारण पालकाच्या संमतीविना बालकाला त्याच्या ताब्यातून नेले.

(अ) मध्ये अपहरणातला संमतीचा प्रश्न अपनयनात आणला आहे. सतरा वर्षांच्या मुलीची संमती इथे मोजली जात नाही. (ब) मध्ये बळ आणि फसवणूक हे अपहरणाचे घटक अपनयनासाठी मागितले आहेत. (क) सर्वांत फसवा आहे. त्यातले गुन्ह्याचे नाव बरोबर आहे, पण कारण दुसऱ्या गुन्ह्याचे आहे, आणि घटनेत फसवणूक घडलेलीच नाही. उत्तर (ड). मावशीकडे ताबा कायदेशीरपणे सोपवलेला असल्याने तीही पालक ठरते, आणि तरुणाचा हेतू चांगला होता हा बचाव चालत नाही.

याच प्रश्नात एक तपशील बदलला की उत्तर बदलू शकते. समजा गळ कोणीच घातली नाही. मुलीनेच घर सोडायचे ठरवले, ती बाहेर पडली, तरुणाला बोलावले आणि तो तिच्याबरोबर गेला. एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने 'नेणे' आणि 'सोबत येऊ देणे' यांत फरक केला. त्यातली मुलगी अठराच्या उंबरठ्यावर होती, आपण काय करतो आहोत हे तिला कळत होते आणि ती स्वतःहून घर सोडून आली होती. आरोपीने तिला घर सोडण्यास प्रवृत्त केल्याचे दिसत नसल्याने अपनयन सिद्ध झाले नाही. मात्र यावरून 'संमती असेल तर अपनयन नाही' असा नियम निघत नाही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरियाणा राज्य विरुद्ध राजा राम या निवाड्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की मन वळवून पालकाच्या ताब्यातून बाहेर पडण्याची इच्छा निर्माण करणे पुरेसे आहे, त्यासाठी बळ किंवा फसवणूक लागत नाही. त्यामुळे प्रश्न सोडवताना मुलीने होकार दिला का याऐवजी तिच्या घर सोडण्यात आरोपीचा वाटा काय, हे शोधावे लागते.

उलट दिशेची अदलाबदलही आढळते. 'पंचवीस वर्षांच्या कारकुनाला भावाचा अपघात झाल्याची खोटी बातमी देऊन कार्यालयातून गाडीत बसवून नेले. तो सज्ञान असल्याने अपहरण होत नाही', हे विधान चूक आहे, कारण वयाची अट अपनयनाची आहे. फसवणुकीने ठिकाण सोडायला लावले, म्हणून हे अपहरण आहे. त्यामागे खंडणीसारखा हेतू असेल तर त्याप्रमाणे शिक्षा होईल. 'अपनयन फक्त बालकाचेच होते' हेही चूक. अपनयनाचा दुसरा प्रकार म्हणजे भारताबाहेर नेणे. त्यात कोणत्याही वयाच्या व्यक्तीला तिच्या किंवा तिच्या वतीने संमती देण्यास कायद्याने अधिकृत असलेल्याच्या संमतीविना देशाच्या सीमेपलीकडे नेणे येते. या प्रकारात नेलेल्या व्यक्तीच्या संमतीला महत्त्व असते, आणि म्हणूनच परीक्षक तिचा उपयोग गोंधळ वाढवण्यासाठी करतो.

वेळेचा घटकही असाच इकडचा तिकडे होतो. मूल पालकाच्या ताब्यातून बाहेर पडताच पालकत्वातून अपनयन पूर्ण होते. अपहरण मात्र चालू राहणारे कृत्य आहे, व्यक्तीला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवले जात असेपर्यंत ते सुरूच असते. ही दोन वैशिष्ट्ये उलट जोडलेला पर्याय चुकीचा असतो.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी संहिता लागू होते. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला पालकाला न विचारता नेले तर पालकत्वातून अपनयन होत नव्हते. आज तेच कृत्य गुन्हा आहे. जुन्या प्रश्नसंचांतली सोळा वर्षांची मर्यादा आजच्या घटनेला लावली, तर घटक बरोबर ओळखूनही उत्तर चुकते.