मजला कितवा?

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम 3 मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. खोकल्यातून उडालेले क्षयाचे जंतू खोलीतच तरंगत राहतात. तिथल्या पाहणीत खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. म्हणून रुग्णाची माहिती घेताना मजलाही विचारा.

उपचार साधारण 6 महिन्यांचे. पण काही आठवड्यांत खोकला थांबतो आणि रोजंदारीवरची बाई गोळ्याही थांबवते. तिला ‘बेजबाबदार’ ठरवून मोकळं होणं सोपं आहे. दवाखान्याच्या रांगेत तिची दिवसाची मजुरी बुडते, कार्डावरचं तिला वाचता येत नाही, हे कोण नोंदवणार? अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो, आणि त्याच कोंदट खोलीत तिची मुलं झोपतात.