विश्लेषण : ३१ मार्चनंतर बुडालेली उधारी कोणत्या वर्षाचा तोटा?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पण कंपनीच्या ताळेबंदावर ऑडिटरची सही होते जुलै-ऑगस्टमध्ये. मधल्या चार-पाच महिन्यांत एखादा ग्राहक दिवाळखोरीत जातो, कुठे पूर येतो, कुठे कोर्टाचा निकाल लागतो. यातले काय मागच्या वर्षाच्या हिशेबात घ्यायचे आणि काय नाही, यावर कागदावरचा नफा निम्म्यानेही बदलू शकतो. हे ठरते कसे?

नियम काय सांगतो?

कंपन्यांसाठी याचे नियम लेखा मानक ४ मध्ये आहेत. मोठ्या आणि शेअर बाजारातील कंपन्यांना ‘इंड एएस १०’ लागू होते. दोन्हींचा मूळ प्रश्न एकच आहे : घटना उशिरा कळली, पण तिची परिस्थिती ३१ मार्चला होती का?

परिस्थिती तेव्हाच होती आणि नंतरच्या घटनेने तिचा फक्त पुरावा मिळाला, तर ताळेबंदातले आकडे बदलावे लागतात. ही ‘अ‍ॅडजस्टिंग’ घटना. परिस्थितीच ३१ मार्चनंतर निर्माण झाली असेल, तर आकडे तसेच राहतात. घटना मोठी असल्यास तिची माहिती मात्र द्यावी लागते. ही ‘नॉन-अ‍ॅडजस्टिंग’ घटना.

अनसिंगच्या उदाहरणातून समजून घेऊ

वाशिम जिल्हा सोयाबीन आणि तुरीचा. समजा, अनसिंग येथे शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे. ती सभासदांकडून सोयाबीन घेऊन प्लांटला विकते आणि स्वतःची छोटी डाळमिलही चालवते. ३१ मार्चच्या कच्च्या ताळेबंदात तिला १४ लाख रुपये नफा दिसतो. ऑडिटर २० ऑगस्टला सही करणार आहे. त्याआधी तीन गोष्टी घडतात.

पहिली, उधारी. एका सोयाबीन प्लांटकडून ९ लाख रुपये येणे आहेत. जूनमध्ये प्लांट बंद पडतो, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होते आणि फार तर २ लाख मिळतील असे दिसते. खाते तपासल्यावर कळते, की हा प्लांट एरवी पंधरा दिवसांत पैसे द्यायचा. पण जानेवारीपासून पैसे थकले आणि मार्चमध्ये त्याचा चेकही परत आला. म्हणजे ३१ मार्चला तो अडचणीत होताच, जूनमध्ये फक्त शिक्कामोर्तब झाले. त्यामुळे ७ लाखांची तरतूद मागच्याच वर्षात करावी लागेल.

दुसरी, माल. ३१ मार्चला गोदामात ३०० क्विंटल सोयाबीन होते, खरेदीचा भाव ४,८०० रुपये. फेब्रुवारीच्या अवकाळी पावसात ते भिजले होते. एप्रिलमध्ये ते ४,४०० रुपयांनी विकावे लागले. माल ३१ मार्चलाच खराब होता, एप्रिलच्या विक्रीने त्याची खरी किंमत दाखवली. क्विंटलमागे ४०० रुपये, म्हणजे १ लाख २० हजार रुपये कमी करावे लागतील.

तिसरी, पूर. जुलैच्या अतिवृष्टीत नाल्याचे पाणी शिरून डाळमिलची ९ लाखांची यंत्रे निकामी झाली, विमा नव्हता. तरीही मागच्या वर्षाच्या आकड्यांना हात लागत नाही, कारण ३१ मार्चला यंत्रे धडधाकट होती. हा तोटा चालू वर्षात जाईल.

हिशेब असा : १४ लाखांतून ७ लाख आणि १ लाख २० हजार वजा. नफा उरतो ५ लाख ८० हजार. लाभांश किती द्यायचा हे संचालक ठरवतील आणि बँक कर्जाची मर्यादा वाढवायची की नाही हे ठरवेल, तेव्हा दोघांसमोर १४ लाख असणे आणि ५ लाख ८० हजार असणे यात मोठा फरक आहे.

पुराची माहिती मात्र दडवता येत नाही. लेखा मानक ४ नुसार ती संचालकांच्या अहवालात द्यावी लागते, तर ‘इंड एएस’ लागू असलेल्या कंपन्या ती हिशेबाच्या टिपांमध्ये देतात. घटना काय आणि अंदाजे किती रुपयांचा फटका, हे दोन्ही सांगायचे असते.

तीच उधारी, वेगळे उत्तर

इथेच सर्वाधिक चूक होते. समजा, तोच प्लांट मार्चअखेर नियमित पैसे देत होता आणि जूनमध्ये आग लागून खाक झाला. पैसे तेवढेच बुडाले, पण कारण ३१ मार्चनंतरचे. मग ७ लाखांची तरतूद मागच्या वर्षात होणार नाही, फक्त माहिती दिली जाईल. म्हणून ‘ग्राहक बुडाला’ एवढे कळून भागत नाही. तो कधीपासून बुडत होता, हे शोधावे लागते.

सोयाबीनचेही तसेच. माल चांगला होता, पण मे महिन्यातल्या एखाद्या नव्या सरकारी निर्णयाने भाव पडला, तर ती घसरण मागच्या वर्षाची नाही.

मोठे उदाहरण : व्होडाफोन आयडिया

दूरसंचार कंपन्यांच्या ‘एजीआर’ थकबाकीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ रोजी आला. तेव्हा ३० सप्टेंबरची तिमाही संपलेली होती, पण निकाल जाहीर व्हायचे होते. कंपनीने थकबाकीची तरतूद संपलेल्या तिमाहीतच केली आणि १४ नोव्हेंबरला सुमारे ५० हजार ९०० कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला. भारतीय कंपनीचा तोवरचा तो सर्वांत मोठा तिमाही तोटा होता. वाद अनेक वर्षे जुना होता. न्यायालयाने नवे देणे निर्माण केले नाही, आधीच्या देण्यावर शिक्कामोर्तब केले.

ऑडिटर हे कसे शोधतो?

लेखापरीक्षण मानक ५६० नुसार वर्षअखेर ते सहीचा दिवस या काळातल्या घटना ऑडिटरला शोधाव्याच लागतात. तो संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त वाचतो, व्यवस्थापनाला विचारणा करतो, नव्या वर्षाचे उपलब्ध हिशेब पाहतो. प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोगी पडते ते एप्रिलपासूनचे बँक स्टेटमेंट. मोठ्या उधारीपैकी किती पैसे खरोखर आले, कोणता चेक परत आला, हे त्यात दिसते. एप्रिल-मे महिन्यांतील क्रेडिट नोटा मार्चची विक्री फुगवली होती का, हे सांगतात. शेवटी सर्व घटना कळवल्याचे लेखी पत्र व्यवस्थापनाकडून घेतले जाते. ही चौकशी सहीच्या दिवसापर्यंत चालू राहावी लागते. मे महिन्यात तपासणी संपवून ऑगस्टमध्ये सही केली, तर मधली जूनची दिवाळखोरी निसटते.

याला मर्यादा आहेत?

दोन महत्त्वाच्या आहेत. सही झाल्यावर ऑडिटरवर नव्याने शोध घेण्याचे बंधन राहत नाही. पण आधी कळली असती तर अहवाल बदलला असता अशी गोष्ट कानावर आली, तर त्याला व्यवस्थापनाशी बोलावे लागते आणि हिशेब दुरुस्त करायचे का, हे तपासावे लागते.

दुसरी मर्यादा नियमाचा अपवाद आहे. जुलैच्या पुराने अनसिंगची कंपनी पुढे चालूच शकणार नसेल, तर ‘घटना नंतरची’ हा बचाव उरत नाही. व्यवसाय चालू राहील या गृहीतकावर मांडलेला ताळेबंदच मग पुन्हा मांडावा लागतो.

त्यामुळे एखाद्या कंपनीचा किंवा आपल्या गावातील उत्पादक कंपनीचा अहवाल हाती आला, की नफ्याबरोबर ऑडिटरच्या सहीची तारीख आणि ३१ मार्चनंतरच्या घटनांचा परिच्छेदही पाहावा. मधल्या काळात गावात सर्वांना माहीत असलेली मोठी घटना त्यात कुठेच नसेल, तर वार्षिक सभेत विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.