लिंक्डइनवर काय लिहावं, काय नाही

समजा, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मुलगी लिंक्डइनवर लिहिते : 'अमुक बँकेची नवी पेमेंट सिस्टिम काल रात्री लाइव्ह केली. तमुक डेटाबेसवरून सगळा डेटा हलवला.' सोबत टीमचा फोटो आहे आणि मागे उघडा मॉनिटर दिसतो आहे. आनंदाच्या या चार ओळींत कंपनीच्या सोशल मीडिया धोरणाचा तीन ठिकाणी भंग होतो.

पहिला भंग बँकेच्या नावाचा. क्लायंटशी झालेल्या करारात बहुधा अशी अट असते की लेखी परवानगीशिवाय त्याचं नाव प्रसिद्धीसाठी वापरायचं नाही. काम खरं असलं आणि कौतुकाचं असलं तरी ही अट लागू राहते. दुसरा भंग तांत्रिक तपशिलाचा. कोणती प्रणाली कुठे वापरली आहे, हे हल्लेखोरांना आयतं कळतं. तिसरा भंग फोटोतल्या स्क्रीनचा. तिथे ग्राहकाचा खाते क्रमांकही वाचता येऊ शकतो.

हीच पोस्ट अशी चालते : 'बँकिंग क्षेत्रातल्या एका मोठ्या प्रकल्पाचा टप्पा आमच्या टीमने पूर्ण केला. डेटा हलवताना चाचण्यांचं महत्त्व नव्याने कळलं.' आपलं पद, कंपनीचं नाव, शिकलेली कौशल्यं आणि कंपनीने स्वतः जाहीर केलेली बातमी यांबद्दल लिहायला सहसा हरकत नसते. कंपनीच्या उत्पादनाची तारीफ करताना मात्र आपण तिथेच नोकरीला आहोत, हे सांगावं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर आणखी जपावं लागतं. जाहीर न झालेले तिमाही निकाल किंवा मोठं कंत्राट यांची माहिती बाहेर फुटली, तर सेबीचे इनसायडर ट्रेडिंगविषयीचे 2015चे नियम आड येतात. मग प्रश्न केवळ कंपनीच्या शिस्तीचा राहत नाही.

मतांचं काय? राजकारण, सिनेमा, शहरातले रस्ते यांवर स्वतःच्या नावाने लिहिता येतं. 'मतं वैयक्तिक आहेत' या ओळीमुळे आपण कंपनीच्या वतीने बोलत नाही, एवढंच स्पष्ट होतं. सहकाऱ्याची बदनामी, जातीधर्मावरून द्वेष किंवा गोपनीय माहिती यांना ती ओळ वाचवत नाही. राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्धचं संरक्षण आहे. खाजगी कंपनी नेमणूकपत्रातल्या अटींवर बोट ठेवून चौकशी करू शकते. सरकारी कर्मचाऱ्यांना तर वेगळे वर्तणूक नियम आहेत आणि सरकारी धोरणावरची टीका त्यांना महागात पडू शकते.

पगार थकला किंवा छळ झाला, तर गप्प बसा असा याचा अर्थ नाही. कामगार आयुक्तांकडे किंवा लैंगिक छळाच्या बाबतीत अंतर्गत समितीकडे तक्रार करण्याचा कायदेशीर हक्क कोणतंही धोरण काढून घेऊ शकत नाही. पण तोच राग क्लायंटच्या नावासकट फेसबुकवर ओतला, तर तक्रार बाजूला राहते आणि चौकशी पोस्टचीच सुरू होते.

म्हणून नेमणूकपत्र आणि कंपनीचं धोरण एकदा शांतपणे वाचा. शंका असेल, तर पोस्ट टाकण्याआधी मॅनेजरला किंवा एचआरला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.