`:wq` कुठे गेले?

आमच्या भंडाऱ्याच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका संध्याकाळी घडलेली ही गोष्ट आहे. बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी लोलकाची निरीक्षणे संगणकावर भरीत होता. पडद्याच्या एका भागात ‘व्हिम’ हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम उघडा होता, दुसऱ्या भागात वर्गाचा व्हॉट्सॲप गट. थोड्या वेळाने गटावर त्याच्या नावाने एक संदेश आला:

```
:wq
```

“हे काय पाठवलंस रे?” असे मुलांनी विचारीपर्यंत तो सायकल काढून घरी निघाला होता. प्रयोगशाळा परिचरांनी रोजच्याप्रमाणे मुख्य बटण बंद केले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर शेवटची बारा निरीक्षणे गायब! “सर, मी तं फाइल सेव्ह करून बंद केली होती ना,” तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याने योग्य कळा योग्य क्रमाने दाबल्या होत्या. मग चूक झाली कुठे?

हे समजण्यासाठी कळफलक नेमके काय करतो ते पाहू या. आपली समजूत अशी असते, की q ची कळ दाबली म्हणजे संगणकाला ‘q’ हे अक्षर मिळते. वस्तुतः यूएसबी कळफलक पाठवितो तो केवळ एक क्रमांक. q च्या जागेवरील कळीचा क्रमांक 20 आणि w च्या जागेवरील कळीचा 26. या क्रमांकाचे अक्षर करावयाचे की आणखी काही, हे पुढे ठरते. शिवाय पडद्यावर दहा चौकटी उघड्या असल्या, तरी कळांचे क्रमांक एका वेळी त्यांपैकी एकाच चौकटीला पोचतात. शेवटी माउसने जिला स्पर्श केला, ती ती चौकट. तिच्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकत असते, पण तिच्याकडे पाहतो कोण? आपले लक्ष निरीक्षणांवर असते. या विद्यार्थ्याने मध्येच मित्राचा संदेश वाचण्यासाठी गटावर क्लिक केले, नजर पुन्हा निरीक्षणांकडे वळविली आणि बोटांनी सवयीने काम उरकले. नजर व्हिमवर होती, कळा मात्र गटाकडे जात होत्या.

व्हिममधून बाहेर पडण्याचा क्रम असा आहे: प्रथम एस्केप, नंतर विसर्गासारखी दोन टिंबे, मग `w` म्हणजे फाइलमध्ये लिही, `q` म्हणजे बाहेर पड आणि शेवटी एंटर. गटाच्या चौकटीत एस्केपचा काही ठसा उमटत नाही. `:wq` ही साधी अक्षरे म्हणून उमटतात. आणि एंटर? व्हिममध्ये त्याचा अर्थ ‘आज्ञा पाळ’ असा होतो, तर गटावर ‘संदेश पाठव’ असा. म्हणूनच ही चूक हातून सुटते ती थेट चारचौघांत जाऊन पडते.

आज्ञांसाठी अशी साधी अक्षरे वापरण्याची बुद्धी कुणाला झाली असेल? व्हिमचा पूर्वज ‘व्ही आय’ हा प्रोग्राम बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास अमेरिकेत, बर्कली येथील विद्यापीठात लिहिला. त्यांच्यापुढे एडीएम-3ए नावाचे टर्मिनल होते. त्याला बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. H, j, k, l या कळांवरच बाण छापलेले होते. घरून काम करताना टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला 300 बिट मिळत. एका अक्षरास आगेमागेच्या खुणा धरून 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 30 अक्षरे. पडदा 24 ओळींचा आणि ओळ 80 अक्षरांची, म्हणजे एकूण 1920 अक्षरे. आता भागाकार करा: भरलेला पडदा एकदा रंगविण्यास 64 सेकंद! अशा ठिकाणी आज्ञा जितकी आखूड तितकी बरी.

पण मग तीच अक्षरे मजकुरातही हवीत आणि आज्ञेतही. म्हणून व्हिमच्या दोन अवस्था आहेत, एक लिहिण्याची आणि एक आज्ञा घेण्याची. लिहिण्याच्या अवस्थेत तळाशी `-- INSERT --` असे दिसते. व्हिम आज्ञेच्या अवस्थेत असताना, आपण गटावरच आहोत असे समजून कुणी `namaste` टाइप केले तर काय होईल? `n` म्हणजे आधी शोधलेला शब्द पुढे शोध. काही शोधलेच नसेल तर नुसती तक्रार. `a` म्हणजे लिहिण्याच्या अवस्थेत जा. उरलेले `maste` मात्र निरीक्षणांच्या मध्येच फाइलमध्ये जाऊन बसते. आमच्या एका फाइलीत असा ‘ok’ मधला एकटा `k` सापडला होता. `o` ने नवी ओळ उघडून दिली होती! अवस्था ओळखण्यात होणाऱ्या अशा चुकांचा विचार मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी 1981 मध्ये माणसाच्या कृतींतील चुकांचे वर्गीकरण करताना केला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या नव्या नाहीत. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून तो घटाच्या दोन टोकांना जोडला की फ्यूज उडतो. हात बरोबर असतो, अवस्था चुकलेली असते.

मात्र पडलेल्या खुणेवरून चुकीचे कारण ओळखता येते, आणि मला यातच अधिक रस वाटतो. `:wq` गटावर दिसले, तर कळा चुकीच्या चौकटीला गेल्या. `:wq` फाइलीतच मजकूर म्हणून दिसले, तर चौकट बरोबर होती, पण एस्केप दाबायचे राहिले. आणि गटावर `छैौ` असे विचित्र काही दिसले तर? तेव्हा चौकटही चुकली आणि कळफलकही मराठीवर राहिला. इनस्क्रिप्ट मांडणीत त्याच तीन कळांवर छ, ऐकाराची आणि औकाराची मात्रा असते. क्रमांक तेच, अक्षरे निराळी.

आता हरवलेल्या निरीक्षणांकडे वळू. गटावर `:wq` गेले याचाच अर्थ व्हिमला आज्ञा मिळालीच नाही. बदललेला मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत होता आणि वीज जाताच तो पुसला गेला. पण व्हिम स्वतःही एक नोंदवही ठेवतो. दर 200 अक्षरांनंतर, किंवा 4 सेकंद टंकन थांबले की, तो बदल एका लपलेल्या फाइलीत उतरवून ठेवतो. आमच्या फाइलीचे नाव `lolak.txt` होते, म्हणून ती नोंदवही `.lolak.txt.swp`. नीट बाहेर पडल्यास ती आपोआप नष्ट होते. वीज गेल्यास तशीच राहते. फाइल पुन्हा उघडताना `E325: ATTENTION` अशी सूचना येते, ती याच नोंदवहीबद्दल. पुष्कळ मुले ती न वाचताच पुढे जातात किंवा नोंदवही पुसून टाकतात. आमच्या विद्यार्थ्याने सुदैवाने तसे केले नव्हते. आम्ही लिहिले:

```
vim -r lolak.txt
```

बाराही निरीक्षणे परत आली. ती वहीतील कच्च्या नोंदींशी ताडून पाहिली, `:wq` ने जतन केली (या वेळी योग्य चौकटीत!) आणि मगच जुनी `.swp` फाइल काढली. हा क्रम उलटा करू नये. शेवटचे अक्षर लिहून 4 सेकंद होण्याआधीच वीज गेली असती, तर शेवटचा थोडा भाग परत मिळाला नसता.

याच चुकीचा एक प्रकार मात्र अधिक महाग पडतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही, म्हणून आपण न पाहताच टाइप करून एंटर दाबतो. त्या क्षणी लुकलुकणारी रेघ गटाच्या चौकटीत असेल, तर पासवर्ड साऱ्या वर्गाला मिळतो. संदेश पुसून भागत नाही, कारण तो कुणीतरी वाचलेला असू शकतो. गेल्या वर्षी माझ्याच हातून हे झाले. मी संदेश पुसण्यात वेळ न घालविता टर्मिनलमध्ये `passwd` चालविले, नवा पासवर्ड दिला आणि मगच गटावर येऊन मुलांचे हसणे ऐकून घेतले.